चार धुरे मोजले, पण वावर मोजले नाही



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर जा की घाटाखाली जा, सरळ चौकोनी वावर क्वचितच भेटते. कुठे नाल्याने एक कड खाल्लेली असते, कुठे गाडरस्त्याने कोपरा कापलेला असतो, तर कुठे आजोबांच्या वेळच्या वाटणीने एक धुरा लांब आणि समोरचा आखूड झालेला असतो. अशा वावराचे क्षेत्र काढायची वेळ आली की गावात एक हिशेब हमखास निघतो. समोरासमोरच्या दोन धुऱ्यांची बेरीज करून निम्मी करायची, उरलेल्या दोन धुऱ्यांचेही तसेच करायचे आणि आलेल्या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा. हिशेब सोपा आहे आणि पटकन होतो. पण तो चूक आहे, आणि त्याची चूक नेहमी एकाच बाजूला जाते. ती कशी, आणि बरोबर हिशेब टेपाने कसा करावयाचा, एवढेच आज आपल्याला पाहावयाचे आहे.

एक उदाहरण घेऊ. कागद-पेन्सिल जवळ असेल तर आकृती काढा. समजा, चिखलीकडचे एक वावर आहे आणि त्याला चार कोपरे आहेत. आकृतीला क, ख, ग नावे देण्यापेक्षा आपण कोपऱ्यांना त्यांच्या खुणेनेच ओळखू. एका कोपऱ्यावर कडुनिंब आहे, दुसरा कोपरा रस्त्याला लागतो, तिसऱ्यावर विहीर आहे आणि चौथा नाल्याला टेकतो. आता धुऱ्याने चाला. निंबापासून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत ७८ मीटर, तेथून विहिरीपर्यंत ९० मीटर, विहिरीपासून नाल्यापर्यंत ५१ मीटर आणि नाल्यापासून परत निंबापर्यंत ७५ मीटर भरले.

गावचा हिशेब करा. ७८ आणि ५१ हे समोरासमोरचे धुरे, त्यांची सरासरी ६४.५. ९० आणि ७५ हे समोरासमोरचे, त्यांची सरासरी ८२.५. गुणाकार ५,३२१ चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजेच १०१.१७ चौरस मीटर. त्या हिशेबाने हे वावर साडेबावन्न गुंठ्यांहून थोडे अधिक झाले. घेणाऱ्याने तेवढ्याचे पैसे मोजले, देणाऱ्याने घेतले आणि दोघेही समाधानाने घरी गेले. आता हे समाधान किती खरे, ते पाहू.

शिक्षक बंधु-भगिनींनी वर्गात हा प्रयोग अवश्य करावा. बांबूच्या चार काड्या घ्या, ७८, ९०, ५१ आणि ७५ सेंटिमीटर लांबीच्या. त्यांची टोके सुतळीने त्याच क्रमाने बांधा. आपल्या वावराचे चार धुरे तयार झाले. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून चौकट दाबा आणि ओढा. खिळखिळी झालेली बाज जशी एका बाजूला कलते, तशी ही चौकट कलेल. काड्या त्याच, लांबी तीच, पण आतली जागा कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसेल. निंबाचा कोपरा आणि विहिरीचा कोपरा ६० सेंटिमीटरवर आणून ठेवला, तर त्या आकाराच्या वावराचे क्षेत्र ३,८२९ चौरस मीटर होईल, म्हणजे ३८ गुंठ्यांनाही थोडे कमी. तेच दोन कोपरे ८४ वर नेले, तर ४,९१४ चौरस मीटर, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस गुंठे. चारही धुरे कायम असताना दहा गुंठ्यांहून अधिक फरक पडला. याचा अर्थ असा की, नुसते चार धुरे मोजून वावराचे क्षेत्र ठरतच नाही. एक पाचवे माप लागते. ते म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले आडवे अंतर, ज्याला शाळेत कर्ण म्हणतात.

आता याच चौकटीत निंबाच्या कोपऱ्यापासून विहिरीच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी काडी बांधा. चौकट लगेच घट्ट होईल, दाबून हलणार नाही. तिचे दोन त्रिकोण झाले, आणि तीन बाजू ठरल्या की त्रिकोण हलत नाही. सुतार दरवाजाच्या चौकटीला किंवा कैचीला तिरपी पट्टी ठोकतो, ती याचसाठी. म्हणून वाकड्या वावराची मोजणी नेहमी त्रिकोणांनी करावयाची.

ही गोष्ट आपल्याकडे जुन्या काळापासून ठाऊक आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये सरासरीच्या या हिशेबाला ‘स्थूल’ असे नाव दिले आणि त्याच्या शेजारीच ‘सूक्ष्म’ हिशेब वेगळा सांगितला. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त तर याबद्दल चांगलीच कानउघाडणी केली आहे. कर्ण किंवा लंब न सांगता जो चौकोनाचे क्षेत्रफळ विचारतो त्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि जो उत्तर देतो त्याला त्याच्याही पुढचा ठरविले आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने कोरविलेला शिलालेख आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. म्हणजे हा ठपका काही परक्या मुलखातून आलेला नाही.

आता टेप घेऊन वावरात उतरू. निंबापासून विहिरीपर्यंतचे आडवे अंतर मोजले, ते ८४ मीटर भरले. वावराचे दोन त्रिकोण झाले. रस्त्याकडच्या त्रिकोणाच्या बाजू ७८, ९० आणि ८४. नाल्याकडच्या त्रिकोणाच्या बाजू ५१, ७५ आणि ८४.

तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढण्याची रीत अलेक्झांड्रियाच्या हेरॉनच्या नावाने शाळेत शिकवतात. ती चार पायऱ्यांची आहे. पहिली पायरी, तिन्ही बाजूंची बेरीज करून तिचे निम्मे करा. दुसरी, त्या निम्म्यातून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करा, तीन बाक्या येतील. तिसरी, ते निम्मे आणि या तीन बाक्या, अशा चार आकड्यांचा गुणाकार करा. चौथी, त्या गुणाकाराचे वर्गमूळ काढा. तेच क्षेत्रफळ.

रस्त्याकडचा त्रिकोण घ्या. ७८, ९० आणि ८४ यांची बेरीज २५२, निम्मे १२६. त्यातून बाजू वजा केल्यावर बाक्या ४८, ३६ आणि ४२. येथे एक ताळा करून घ्या. तिन्ही बाक्यांची बेरीज पुन्हा १२६ च आली पाहिजे. ४८, ३६, ४२, बरोबर १२६. आता १२६ गुणिले ४८ गुणिले ३६ गुणिले ४२, उत्तर ९१,४४,५७६. याचे वर्गमूळ ३,०२४. हा पहिला त्रिकोण ३,०२४ चौरस मीटरांचा.

मोबाइलवर वर्गमूळ एका बोटाने निघते. पण बॅटरी संपली म्हणून हिशेब अडण्याचे कारण नाही. अंदाजाने एक आकडा धरा, समजा ३,०००. ९१,४४,५७६ ला ३,००० ने भागा, ३,०४८ येतात. आता ३,००० आणि ३,०४८ यांची सरासरी घ्या, ३,०२४. एकाच फेरीत उत्तर आले. अंदाज फार चुकला असेल तर आलेली सरासरी नवा अंदाज धरून आणखी एक फेरी करावी.

नाल्याकडच्या त्रिकोणाच्या बाजू ५१, ७५ आणि ८४, बेरीज २१०, निम्मे १०५. बाक्या ५४, ३० आणि २१. ताळा १०५, बरोबर. चौघांचा गुणाकार ३५,७२,१०० आणि वर्गमूळ १,८९०. दोन्ही त्रिकोण मिळून ४,९१४ चौरस मीटर. शंभर चौरस मीटरांचा एक आर, म्हणून सात-बाराच्या भाषेत हे ४९.१४ आर झाले. गुंठ्यांत सांगायचे तर साडेअठ्ठेचाळीस गुंठे, म्हणजे एक एकर साडेआठ गुंठे.

गावच्या हिशेबाने ५,३२१ आले होते. फरक ४०७ चौरस मीटरांचा, म्हणजे चार गुंठ्यांचा. घेणाऱ्याने नसलेल्या चार गुंठ्यांचे पैसे दिले. विशेष म्हणजे, या चार धुऱ्यांची चौकट कशीही दाबली-ओढली तरी ५,२१४ चौरस मीटरांपेक्षा अधिक जागा तिच्यात कधीच मावत नाही. गावच्या हिशेबाने निघालेले क्षेत्र या धुऱ्यांच्या कोणत्याही वावराचे असू शकत नव्हते.

ही चूक नेहमी जास्तीकडेच का जाते, तेही ऐका. दोन धुरे जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर त्या दोन धुऱ्यांचा एक त्रिकोण होतो. कोपरा काटकोनी असेल तर त्याचे क्षेत्र त्या दोन धुऱ्यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. कोपरा मिटलेला असो की फाकलेला असो, क्षेत्र त्याहून कमीच भरते. चार कोपऱ्यांचे असे चार त्रिकोण मिळून वावर दोनदा झाकले जाते. सरासरीचा हिशेब हे चारही कोपरे काटकोनी धरून चालतो. म्हणून चारही कोपरे खरोखर काटकोनी असले तरच तो बरोबर, नाही तर तो फुगलेला. वावर जितके तिरपे, तितका फुगवटा मोठा.

आता मोजताना काय बिघडते ते पाहू, कारण रीत बरोबर असली तरी टेप चुकीचा धरला तर उत्तर चुकते.

पहिली गोष्ट आडव्या मापाची. ८४ मीटर मोजायला ३० मीटरांचा टेप तीनदा टाकावा लागतो. मधली ठिकाणे ओळीतून सरकली तर माप वाढते. म्हणून दोन्ही टोकांना एकेक काठी रोवा, आणि एकाने मागे उभे राहून मधली काठी दोन्ही काठ्यांच्या ओळीत आणून घ्यावी. प्रत्येक टेपाला एक खडा खिशात टाकावा. शेवटी खडे मोजायचे. एक टेप मोजायचा राहून जाणे ही सर्वांत मोठी चूक, आणि ती बोलण्याच्या नादात होते.

दुसरी गोष्ट उताराची. घाटाच्या कडेच्या वावरांना ही फार लागू आहे. जमिनीचे क्षेत्र सपाटीवरच्या मापाने धरतात, उताराच्या अंगाने नव्हे. पंधरा मीटरांत तीन मीटर चढ असेल आणि टेप जमिनीला चिकटवून मोजला, तर चढाच्या दिशेचे प्रत्येक माप शेकडा दोनने वाढेल. आपल्या वावरात तेवढ्याने जवळजवळ एक गुंठा फुगेल. म्हणून उतारावर टेपाचे लांब ताण घेऊ नयेत. पाच-पाच मीटरांचे तुकडे घ्यावेत, टेप ताठ आणि आडवा धरावा, आणि अधांतरी राहिलेल्या टोकाखाली ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी. पायऱ्या उतरल्यासारखे मोजत जावे.

तिसरी गोष्ट त्रिकोणाच्या आकाराची, आणि हिची कल्पना पुष्कळ मोजणाऱ्यांनाही नसते. आडवे माप घेताना त्रिकोण शक्यतो भरदार राहील असे घ्यावे, सपाट होऊ देऊ नये. समजा, ५१ आणि ७५ मीटरांच्या धुऱ्यांचा कोपरा इतका फाकलेला आहे की तिसरी बाजू १२५ मीटर भरते. त्या चिंचोळ्या त्रिकोणाचे क्षेत्र ४८६ चौरस मीटर येते. हेच माप अर्ध्या मीटराने चुकून १२५.५ घेतले, तर उत्तर ३४५ वर येते. अर्ध्या मीटराने १४१ चौरस मीटर, जवळजवळ दीड गुंठा गेला. उलट आपला रस्त्याकडचा भरदार त्रिकोण घ्या. त्यात ८४ ऐवजी ८४.५ धरले तर फरक फक्त १२ चौरस मीटरांचा पडतो. तिसरी बाजू पहिल्या दोन बाजूंच्या बेरजेच्या फार जवळ आली की समजावे, हा त्रिकोण विश्वासाचा नाही. आणि ती बेरजेहून मोठीच निघाली, तर तसा त्रिकोणच नसतो. माप चुकले, परत मोजा.

मग आपले माप बरोबर आहे हे ओळखावे कसे? त्यासाठी दुसरे आडवे अंतरही मोजावे. आपल्या वावरात रस्त्याच्या कोपऱ्यापासून नाल्याच्या कोपऱ्यापर्यंत १२०.८ मीटर भरतात. आता वावर दुसऱ्या तऱ्हेने तुटले. एका त्रिकोणाच्या बाजू ७८, ७५ आणि १२०.८, त्याचे क्षेत्र २,८३५. दुसऱ्याच्या ९०, ५१ आणि १२०.८, त्याचे २,०७९. बेरीज ४,९१४. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आले, म्हणून सहाही मापे पक्की. दोन उत्तरांत पाच-दहा चौरस मीटरांचा फरक राहिला तर तो टेपाचा समजावा. शंभर-दोनशेंचा पडला तर कुठे तरी टेप मोजायचा राहिला आहे, किंवा एखादा आकडा लिहिताना उलटा झाला आहे.

वावराला पाच कोपरे असतील तर तीन त्रिकोण पडतात, सहा असतील तर चार. म्हणजे कोपऱ्यांपेक्षा दोन कमी. धुरा मध्येच वळत असेल तर त्या वळणावर खुंटी ठोकून तो कोपराच धरावा. एखादा कोपरा आत दबलेला असेल तर आडवे माप त्याच कोपऱ्यापासून सुरू करावे, म्हणजे त्रिकोण वावराच्या बाहेर जात नाही. नाल्याची कड नागमोडी असेल तर तिला लागून आत एक सरळ रेषा धरा, त्या रेषेपर्यंत त्रिकोणांनी मोजा, आणि उरलेली पट्टी दर पाच मीटरांवर रुंदी घेऊन वेगळी काढा.

भूमी अभिलेखाच्या कचेरीतले जुने टिपण ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे ओळखीचे वाटेल. जुन्या मोजणीत साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची असे. मोजणीदार वावरातून एक मुख्य रेषा घालीत आणि शंकूच्या साहाय्याने प्रत्येक कोपऱ्यातून तिच्यावर लंब टाकीत. तोही त्रिकोणांचाच हिशेब. आपल्या वावरात निंब-विहीर रेषेवर रस्त्याच्या कोपऱ्यातून ७२ मीटरांचा लंब पडतो आणि नाल्याच्या कोपऱ्यातून ४५ मीटरांचा. दोन्ही मिळून ११७, त्याला ८४ ने गुणून निम्मे केले की पुन्हा ४,९१४. लंबाचा हिशेब छोटा आहे, पण वावरात काटकोन साधायला शंकू लागतो. तीन बाजूंच्या हिशेबात गुणाकार मोठा, पण हाती टेप असला म्हणजे पुरे. ज्याच्याजवळ जे असेल त्याने ते करावे.

शेवटी, या मोजणीचा घरात कसा उपयोग होतो ते सांगतो. समजा, हेच वावर दोघा भावांना वाहितीसाठी निम्मे-निम्मे करायचे आहे. थोरला म्हणाला, निंबापासून विहिरीपर्यंत सरळ दोरी धरा, एक बाजू तुझी, एक माझी. डोळ्यांना ते निम्मे वाटेलही. पण आपण मोजले आहे. एका बाजूला ३,०२४ आणि दुसऱ्या बाजूला १,८९०. अकरा गुंठ्यांचा फरक, आणि त्या फरकातून पुढे दोन पिढ्यांचा अबोला.

प्रत्येकाच्या वाट्याला यायला हवेत २,४५७. नाल्याकडच्या भावाला १,८९० मिळाले, म्हणजे ५६७ कमी पडले. ते रस्त्याकडच्या त्रिकोणातून काढायचे. निंबाचा कोपरा तोच ठेवा आणि दोरीचे विहिरीकडचे टोक रस्त्याच्या दिशेने धुऱ्यावरून सरकवा. एकाच शिरापासून पडणाऱ्या त्रिकोणांची क्षेत्रे त्यांच्या पायांच्या प्रमाणात असतात. रस्ता-विहीर धुरा ९० मीटर आणि त्यावर उभा त्रिकोण ३,०२४. मग ५६७ साठी किती? ९० गुणिले ५६७ भागिले ३,०२४, उत्तर १६.८८ मीटर. विहिरीच्या कोपऱ्यापासून धुऱ्याने १६.८८ मीटर चाला, तेथे खुंटी ठोका आणि निंबापासून त्या खुंटीपर्यंत दोरी धरा. दोन्ही बाजूंना सव्वाचोवीस-सव्वाचोवीस गुंठे आले. विहीर एका बाजूला गेली, तिच्या पाण्याच्या पाळ्या दोघांनी बसून ठरवाव्यात. ते गणिताचे काम नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. आपण केलेली मोजणी घरातल्या हिशेबाला आणि सौद्यापूर्वी खात्री करून घेण्याला आहे. तिने हद्द बदलत नाही आणि सात-बारावरचा आकडाही बदलत नाही. शेजाऱ्याशी धुऱ्याचा वाद असेल, किंवा आपले माप आणि सात-बारा यांत मोठा फरक दिसत असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत अर्ज करून सरकारी मोजणीच करून घ्यावी. त्या दिवशी आपला कागद जवळ ठेवा. मोजणीदार कोणत्या खुणेपासून कोणत्या खुणेपर्यंत माप घेतो आहे, ते तुम्हाला उभ्या-उभ्या समजेल आणि प्रश्न विचारायचा तो त्याच वेळी विचारता येईल.

तर यापुढे कोणी म्हणाले, ‘चारही धुरे मोजले, बसा सौद्याला,’ तर त्याला एवढेच विचारा, ‘आडवे माप कुठे आहे?’